प्रतिसाद: डार्क रोस्ट आणि अ‍ॅक्रिलामाइड

> डार्क रोस्ट जास्त भाजलेली, म्हणजे अ‍ॅक्रिलामाइडही जास्त ना? लाइट घेऊ का?

उलटं आहे हो. अ‍ॅक्रिलामाइड हे भाजताना तयार होणारं, कॅन्सरचा संशय असलेलं रसायन. कॉफीच्या बियांमधलं अ‍ॅस्परॅजिन हे अमिनो आम्ल आणि साखर यांच्यापासून ते भाजायच्या सुरुवातीलाच तयार होतं आणि पुढे तापमान चढत गेलं की बरंचसं मोडतं, त्यामुळे लाइटमध्येच जास्त उरतं. पण म्हणून कोळसा करून पिऊ नका, चवीची वाट लागेल :)

ब्रूइंगने फार फरक नाही, कारण ते पाण्यात सहज विरघळतं आणि पेपर फिल्टरला अडत नाही. एस्प्रेसोत पाणी पटकन जातं म्हणून थोडं मागे राहतं इतकंच.

बघायचंच तर पाकिटावर चिकोरी किती ते बघा. युरोपात भाजलेल्या कॉफीला किलोमागे ४०० मायक्रोग्रॅमचा बेंचमार्क आहे, चिकोरीला ४०००! म्हणजे त्या हिशोबाने १० ग्रॅम निव्वळ पावडरीत ४ मायक्रोग्रॅम, आणि ३० टक्के चिकोरी असेल तर जवळपास १५.

बाकी २०१६ साली आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने कॉफीला कॅन्सरच्या संशयित यादीतून काढलं, त्यामुळे मी तरी दोन कप बिनधास्त पितो.