'मी रताळी काढलो' म्हणणारी सासू: संवाद कितपत प्रमाण करावा?

कथालेखक, बेळगाव:
माझ्या कथेतली सासू बेळगावच्या पश्चिमेकडच्या गावातली. सून शेतात उशिरा येते तेव्हा ती म्हणते, "म्या सकाळपास्नं दोन सऱ्या रताळी काढलो, आन् तू आत्ता येऊलालीस व्हय गे?" संपादकांनी केलंय, "मी सकाळपासून दोन सऱ्या रताळी काढली, आणि तू आत्ता येते आहेस का?" अर्थ तोच आहे, पण बाई गेली.

मुद्रितशोधक, पुणे:
संपादकांची अडचण खरी आहे. 'काढलो' वाचून बोलणारा पुरुष वाटतो, नाहीतर छपाईची चूक. कानडीच्या प्रभावामुळे असं होतं, अशी तळटीप द्या.

वाचक, निपाणी:
आमचा मुलगा परीक्षेत 'मी अभ्यास केलो' लिहितो, गुण जातात. त्याला काय सांगावं?

भाषाशिक्षिका, खानापूर:
परीक्षेत 'केला' लिहू दे, घरी बोलताना टोकू नका. इथे प्रश्न कथेचा आहे.

तळटीप नको, वाचक संवादातून बाहेर पडतो. शिवाय कारणही अर्धंच आहे. कानडीत भूतकाळी क्रियापद कर्त्याप्रमाणे चालतं, म्हणून 'रताळी काढलो'मागे कानडी दिसते. पण बायकांचं 'मी आलो, मी जातो' कोल्हापूरकडेही सर्रास ऐकू येतं. ते सगळं कानडीवर टाकता येत नाही.

'काढलो'त बाहेरच्या वाचकाला दोन धक्के एकदम बसतात: बाईच्या तोंडी 'लो', आणि क्रियापद रताळ्यांप्रमाणे न चालणं. धक्के वेगळे करा. आधीच्या पानावर सासू दारातून हाक मारते, तिथे "मी आलो गे" म्हणू दे. निवेदनात 'सासू' आहेच, त्यामुळे लिंगाचा घोळ तिथेच मिटतो. मग 'काढलो' अडत नाही.

'म्या' आणि 'सकाळपास्नं' मात्र सोडा. 'मी', 'सकाळपासनं' लिहा. हे उच्चार कितीतरी गावांत सापडतील, त्यांनी सासू ओळखू येत नाही, नुसता वाचण्याचा वेग मंदावतो. 'काढलो', 'येऊलालीस', 'गे' यांना हात लावू नका.

मुद्रितशोधक, पुणे:
'येऊलालीस' कुणाला कळणार? 'येतीयस' करा.

भाषाशिक्षिका, खानापूर:
'येतीयस' केलंत की गाव बदललं. संवादाच्या आधी एक वाक्य घाला: 'सून पाटी घेऊन बांधावरून येत होती.' येणं डोळ्यांसमोर चालू असलं की रूप आपोआप उलगडतं. मग उतारा विदर्भातल्या किंवा मुंबईतल्या कुणाला वाचायला द्या आणि विचारा, कोण बोललं, रताळी कुणी काढली? उत्तर चुकलं तर आधीचं निवेदन दुरुस्त करा, संवाद नको.

मुद्रितशोधक, पुणे:
'काढलो' पटलं. 'येऊलालीस'वर माझी शंका कायम आहे.

कथालेखक, बेळगाव:
बांधाचं वाक्य घालतो. अडलंय ते सुनेच्या उत्तराशी. तिचं माहेर गडहिंग्लजचं, शिक्षण मराठी शाळेत. ती 'मी आलो' म्हणेल हे नक्की. पण 'भाकरी केलो' म्हणेल की 'भाकरी केली'? तिकडच्या कुणी सांगावं.