मदत हवी आहे: चौकशीविना बडतर्फी, कलम 311(2)

माझा धाकटा भाऊ पोलीस शिपाई. त्याला आरोपपत्र न देता, विभागीय चौकशी न करता थेट बडतर्फ केलंय. आदेशात संविधानाच्या कलम 311(2) च्या दुसऱ्या परंतुकातला खंड (ब) लावलाय, म्हणजे चौकशी करणं व्यवहार्य नसेल तर ती न करता बडतर्फ करण्याची तरतूद. कारण एकाच ओळीचं: 'साक्षीदार भीतीने पुढे येणार नाहीत.' पण दोन्ही साक्षीदारांनी प्राथमिक चौकशीत जबाब देऊन सह्या केल्यात, आणि तेव्हापासून तो निलंबित होऊन घरीच होता. मग भीती कुणाची?

सर्वोच्च न्यायालयाच्या तुलसीराम पटेल (1985) निकालानुसार चौकशी का व्यवहार्य नाही याची कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि ती न्यायालय तपासू शकतं, इतकं वाचलंय. आता आधी विभागीय अपील करावं की थेट महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे 'मॅट'मध्ये जावं? ते सह्या केलेले जबाब मागवून घेता येतील का? अशी प्रकरणं चालवलेल्यांनी कृपया सांगा.