मदत हवी आहे: विज्ञान प्रदर्शनासाठी बॅटरीवर ३ मिनिटांचं भाषण (इयत्ता ८वी)

आकाशकंदील

लेकीच्या शाळेत पुढच्या आठवड्यात विज्ञान प्रदर्शन आहे. तिचा विषय: बॅटरी रासायनिक रूपात ऊर्जा कशी साठवते आणि परत कशी देते. ३ मिनिटं बोलायचं आणि सोबत एखादं चालतं मॉडेल ठेवायचं.

तिने केलेली सुरुवात अशी: "बॅटरी म्हणजे विजेची टाकी. चार्ज केली की वीज भरते, वापरली की टाकी रिकामी होते." मॉडेल म्हणून ४ लिंबं एकामागे एक जोडलीत. प्रत्येकात एक जीआय खिळा आणि एक तांब्याची तार. मल्टीमीटर ३.६ व्होल्ट दाखवतो, पण लाल एलईडी अगदीच मिणमिणतो, खोलीत अंधार केला तरच कळतं.

प्रश्न दोन. टाकीचं वाक्य चालेल का? आणि व्होल्ट एवढे असून एलईडी नीट का पेटत नाही?

खमंग_थालीपीठ

लिंबं रसदार घ्या आणि टोचण्याआधी ओट्यावर जरा दाबून फिरवा. ऊर्जा लिंबाच्या आम्लात असते, त्यामुळे रस जितका जास्त तितकी बॅटरी मोठी. ४ च्या जागी ८ लिंबं लावा, करंट दुप्पट होईल.

पारा_चढला

रस मोकळा केल्याने थोडा फरक पडतो, ते बरोबर. बाकी दोन्ही मुद्दे दुरुस्त करावे लागतील, कारण परीक्षक नेमकं तेच विचारतात.

ओळीत लिंबं वाढवली की व्होल्ट वाढतात. पण प्रत्येक लिंबाचा स्वतःचा अडथळा काही हजार ओहमच्या घरात असतो, आणि लिंबांबरोबर तोही वाढत जातो. मल्टीमीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही म्हणून ३.६ दिसतात. एलईडी जोडलेला ठेवून त्याच्या दोन पायांवर मोजा, आकडा १.७ च्या आसपास आलेला दिसेल. उरलेले व्होल्ट लिंबांच्या आतच खर्च होतात.

ऊर्जेचं म्हणाल तर लिंबू खिळ्यावरच्या जस्ताला विरघळू देतं. जस्त इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात जातं, आणि तांब्यापाशी आम्लातले हायड्रोजन आयन ते इलेक्ट्रॉन घेतात. खर्च जस्ताचा होतो. तांब्याची तार नुसती उभी असते, संपत नाही.

टाकी मात्र पूर्ण काढून टाका. नव्या सेलमध्ये जेवढे इलेक्ट्रॉन असतात, साधारण तेवढेच संपलेल्या सेलमध्येही असतात. एका टोकातून बाहेर पडतात, दुसऱ्या टोकातून आत येतात. बदलतात ते आतले पदार्थ.

लिंबाऐवजी डॅनियल सेल करा. जॉन फ्रेडरिक डॅनियल या इंग्लिश रसायनशास्त्रज्ञाने १८३६ मध्ये केलेला हा घट पुढे तारायंत्रांसाठी खूप वापरला गेला. यात साठवण आणि सुटका दोन्ही डोळ्यांना दिसतात, आणि सामान कृषी सेवा केंद्रात मिळतं: द्राक्षवाले बोर्डो मिश्रणाला वापरतात तो मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, आणि खत म्हणून मिळणारं २१ टक्केवालं झिंक सल्फेट.

आकाशकंदील

मोरचूद आणि झिंक सल्फेट दोन्ही मिळेल. कृती सविस्तर सांगाल का? आणि त्यात "साठवलेली ऊर्जा" दाखवायची कशी?

पारा_चढला

आधी ऊर्जा दाखवू, सेल नंतर.

एकात एक घातलेले दोन कागदी कप घ्या. त्यात ५० मिली पाणी आणि २.५ ग्रॅम मोरचूद विरघळवा. थर्मामीटर ठेवून तापमान लिहून घ्या. मग शाळेच्या प्रयोगशाळेतली जस्ताची पूड साधारण १ ग्रॅम टाकून ढवळा. काही मिनिटांत पारा ८ ते १० अंशांनी चढतो, निळा रंग उडतो आणि तळाला तांबूस गाळ बसतो. तो गाळ म्हणजे तांबं. जस्ताचे खडे वापरू नका, प्रक्रिया इतकी हळू होते की उष्णता निघता निघता हवेत जाते. पूड कोरडी ठेवावी, ज्योतीजवळ नेऊ नये, आणि ती शिक्षकांनीच टाकावी.

जस्त आणि मोरचूद शेजारी असताना जी ऊर्जा "साठलेली" होती, ती इथे उष्णता होऊन बाहेर पडली. इलेक्ट्रॉन जस्ताकडून थेट तांब्याच्या आयनांकडे गेले. आता हीच प्रक्रिया ठेवायची, पण दोघांना एकमेकांना शिवू द्यायचं नाही. मग इलेक्ट्रॉनना तारेतून वळसा घालून जावं लागतं, आणि वाटेत आपण एलईडी बसवतो. भाषणाचा कणा एवढाच.

सेलची कृती: रुंद तोंडाच्या प्लास्टिकच्या बरणीत २०० मिली पाण्यात २५ ग्रॅम मोरचूद. पाणी कोमट घ्या, आणि आरओचं किंवा डिस्टिल्ड घ्या. बोअरच्या जड पाण्यात निळसर गढूळपणा येतो. बरणीच्या आतल्या बाजूने तांब्याची पट्टी किंवा सोललेल्या तारेचं वेटोळं. मोटर वाइंडिंगची तार असेल तर तिच्यावरचं वार्निश पॉलिश पेपरने खरवडून काढा, नाहीतर काहीच होणार नाही. बरणीच्या मधोमध संक्रांतीचं सुगड, लाल आणि बिनरंगी. रंगवलेलं किंवा चकचकीत चालत नाही, त्यातून आयन जात नाहीत. सुगड रात्रभर पाण्यात भिजवून ठेवा. त्यात ८० मिली पाणी, १० ग्रॅम झिंक सल्फेट आणि जस्ताची पट्टी. पट्टी न मिळाल्यास जीआय पत्र्याचा तुकडा चालतो.

असा एक सेल १.१ व्होल्टच्या जवळ देतो. लाल एलईडीला साधारण १.८ लागतात, म्हणून दोन सेल ओळीत. एलईडीचा लांब पाय तांब्याच्या बाजूला.

सगळ्यात चांगलं प्रात्यक्षिक म्हणजे एलईडी पेटलेला असताना एक सुगड द्रावणातून वर उचलायचं. तारा जोडलेल्याच असतात, पट्ट्याही जागेवर, तरी दिवा जातो. सुगड परत बुडवलं की पेटतो. जस्त विरघळताना सुगडात धन आयन वाढतात. मातीच्या छिद्रांतून आयनांची ये-जा होऊन तो तोल सांभाळला गेला नाही, तर इलेक्ट्रॉन क्षणात थांबतात. मुलीला हे एकदा हाताने करू द्या, पाठ करायची गरजच उरणार नाही.

वाड्यावरचा

याच विषयावर विचारतो. माझी इन्व्हर्टरची बॅटरी तासाभरात बसते. पाणी वरच्या खुणेपर्यंत भरलं तरी फरक नाही. अजून पाणी घालू का?

पारा_चढला

वेगळा धागा काढायला हवा होता, पण उत्तर इथे उपयोगी आहे. पाण्याने ऊर्जा वाढत नाही, उडून गेलेलं पाणी फक्त भरून निघतं. शिसे-आम्ल बॅटरी ऊर्जा देते तेव्हा गंधकाम्ल वापरलं जातं आणि दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं. म्हणून आम्लाची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरवर भरलेल्या बॅटरीत सुमारे १.२५ आणि उतरलेल्या बॅटरीत १.१ च्या आसपास आकडा येतो. पूर्ण चार्ज करून सहाही कप्पे मोजून घ्या. एकच कप्पा बाकीच्यांपेक्षा ०.०५ किंवा जास्त खाली असेल तर तो गेलाय. सगळेच खाली असतील तर सल्फेट कडक झालं असण्याची शक्यता जास्त. मोजणी दुकानदाराकडून करून घ्या, आम्ल अंगावर उडतं.

आकाशकंदील, भाषणात हे एका वाक्यात घ्या: "इन्व्हर्टरची बॅटरी किती भरली आहे ते आतल्या आम्लाच्या घनतेवरून कळतं." प्रत्यक्ष बॅटरी मात्र टेबलावर आणू नका.

आकाशकंदील

आज दोन सेल केले. एकटा ठीक आहे, १.०८. दुसरा ०.७५ वर अडकलाय. शिवाय पहिल्यातली जस्ताची पट्टी काळी पडत चालली आहे.

ओहमचा_चष्मा

०.७५ म्हणजे जीआय पत्र्यावरचा जस्ताचा थर गेला आणि खालचं लोखंड उघडं पडलं. लोखंड आणि तांबं मिळून साधारण तेवढेच व्होल्ट देतात. पत्रा पॉलिश पेपरने घासला होता का? तांबं घासायचं, जीआय घासायचा नाही. नवा तुकडा कापा.

काळी पट्टी म्हणजे मोरचूद मातीतून आत झिरपला आणि जस्तावर तांब्याची बारीक पूड बसली. कपातली तीच प्रक्रिया आता सुगडात चालू आहे, आणि तेवढं जस्त फुकट जातंय. सुगडातली पातळी बाहेरच्यापेक्षा एक सेंटिमीटर वर ठेवा, म्हणजे झिरप बाहेरच्या दिशेने राहील. प्रदर्शनाच्या सकाळीच द्रावणं ओता, रात्रभर भरून ठेवू नका. क्रोकोडाइल क्लिपही द्रावणात बुडू देऊ नका, तिचं लोखंड मध्ये लुडबूड करतं.

आकाशकंदील

पत्रा घासला होता खरा. बदलला, आता दोन्ही मिळून २.१ आणि एलईडी उजेडातही दिसतो. परीक्षकांनी "किती वेळ चालेल?" विचारलं तर?

पारा_चढला

हिशोब सांगायचा. कपात २.५ ग्रॅम मोरचुदाबरोबर ०.६५ ग्रॅम जस्त खर्ची पडलं. तेवढंच जस्त सेलमध्ये १० मिलिअँपिअरने वापरलं तर कागदावर सुमारे ५३ तास पुरतं. कपात ५ मिनिटांत उष्णता होऊन गेलेली ऊर्जा इथे दोन दिवसांहून जास्त पुरवून वापरता येते. प्रत्यक्षात झिरपेमुळे कमी भरेल, आणि जीआयवर जस्ताचा थर पातळ असतो हेही तिने सांगावं.

वेळेची वाटणी: कप आणि थर्मामीटरला एक मिनिट, सुगड उचलण्यासह सेलला दीड, इन्व्हर्टर आणि चार्जिंगला अर्धं. कपातला बदल व्हायला वेळ लागतो, म्हणून पूड बोलायला सुरुवात करतानाच टाका आणि पारा शेवटी वाचा.

ओहमचा_चष्मा

चार्जिंग दाखवायचंच असेल तर याच सेलवर दाखवा. १.५ व्होल्टचा साधा पेन्सिल सेल उलटा लावा, म्हणजे त्याचं धन टोक तांब्याला आणि ऋण जस्ताला. मल्टीमीटरवर करंटचं चिन्ह पालटतं. तांबं विरघळायला लागतं, जस्त परत पट्टीवर बसतं.

पारा_चढला

चिन्ह पालटतं, मान्य. पण त्याला चार्ज झाला म्हणायला मी तयार नाही. विरघळलेलं तांबं मातीतून आत येतं आणि पट्टीवर जस्ताबरोबर तांबंही बसतं. काही फेऱ्यांत सेल बिघडतो. परीक्षक रसायनशास्त्राचे असतील तर पकडतील.

ओहमचा_चष्मा

एका मिनिटाच्या प्रात्यक्षिकात काही फेऱ्या येतात कुठून? आठवीच्या मुलीने "दिशा उलटवता येते" एवढंच म्हटलं तर त्यात चूक काय? "पूर्ण चार्ज झाला" असं म्हणू नये, इतकंच.

खमंग_थालीपीठ

माझं लिंबू गेलंच म्हणायचं! एक विचारते, उरलेला मोरचूद बेसिनमध्ये ओतला तर चालतो का?

पारा_चढला

नाही, विषारी आहे. बादलीत गोळा करून त्यात स्टील वूल किंवा गंज नसलेले लोखंडी खिळे दोन दिवस टाकून ठेवा. लोखंड विरघळतं आणि तांबं खिळ्यांवर बसतं. निळा रंग पूर्ण गेला की वरचं पाणी आणि गाळ शाळेच्या प्रयोगशाळेत द्या. सुगडं फोडून टाका, परत पूजेला किंवा पाण्याला कोणी वापरायला नकोत.