मदत हवी आहे: टाइमलाइनवर शून्य वर्षात नेमकं काय मांडायचं?

सोलापुरात टॉवेलचे यंत्रमाग घालण्याचा 5 वर्षांचा हिशोब नवशिक्यांना शिकवायचा आहे. आडवी रेघ ओढून 0 ते 5 खुणा केल्या. 0 म्हणजे आज, 1 म्हणजे पहिल्या वर्षाची अखेर. खुणा सहा, वर्षं मात्र पाचच.

यंत्रमागाचे 6 लाख आज द्यायचे, म्हणून 0 वर. वर्षभराची कमाई अखेरीस धरून 1 ते 5 वर.

मुलं अडखळतात ती शेडच्या भाड्यावर. वर्षाला 1,20,000, पण आगाऊ. दुसऱ्या वर्षाचं भाडं त्या वर्षाच्या सुरुवातीला जातं, आणि ती वेळ म्हणजे खूण 1. म्हणून भाडं 0 ते 4 वर येतं, 5 वर काहीच नाही. चुकून 1 ते 5 वर मांडलं तर 10 टक्के दराने भाड्याचं आजचं मूल्य सुमारे 45,500 रुपयांनी कमी दिसतं आणि धंदा उगाच फायद्याचा वाटतो. डिपॉझिट 0 वर जातं, 5 वर परत येतं.

आता प्रश्न: व्यापाऱ्यांकडून पैसे तीन महिन्यांनी येतात. शेवटच्या तिमाहीची वसुली 5 वरच धरावी, की 5.25 अशी वेगळी खूण करावी? नवशिक्यांना कोणती पद्धत आधी दाखवता, आणि का?