मदत हवी आहे: 19-19-19 सगळ्यांना सारखंच दिलं, पालक जोरात, टोमॅटोला फूल नाही, मुळ्याला मुळाच नाही

रानवारा
माझ्याकडे पालक, टोमॅटो आणि मुळा आहे, सगळं साधारण पंधरा लिटरच्या कुंड्यांत. 19-19-19 हे विद्राव्य खत लिटरला 5 ग्रॅम घेते आणि आठवड्यातून एकदा प्रत्येक कुंडीला एक लिटर पाणी देते. चार वेळा देऊन झालं. पालक तळहाताएवढा झालाय. टोमॅटो कमरेएवढा वाढलाय, पानं गडद हिरवी आणि खाली वळलेली, पण एकही फूल नाही. काल एक मुळा उपटून पाहिला तर वर पानांचा झुबका आणि खाली करंगळीएवढी शेपटी. तीनही आकडे सारखे म्हणजे समतोल आहार, असं समजून मी हे घेतलं होतं. कुठे चुकलं?

हिरवाचुडा
सोपं आहे. पहिला आकडा पानांचा, मधला मुळांचा आणि फुलांचा, शेवटचा फळांचा. मुळा खायचा तो मूळच, म्हणून त्याला मधला आकडा मोठा असलेलं 12-61-0 द्या. टोमॅटोलाही तेच चालेल, फुलं येतील.

कुंडीतली_बाग
माझ्या गुलाबाची पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. 19-19-19 देऊ का?

मातीशी_नातं
रानवारा, पाकिटावरचे आकडे म्हणजे शंभर ग्रॅम खतात किती ग्रॅम नत्र, स्फुरद आणि पालाश, त्याच क्रमाने. स्फुरद आणि पालाश ऑक्साइडच्या रूपात मोजून छापतात. पण सगळ्या पाकिटांवर हीच रीत असल्यामुळे दोन पाकिटांची तुलना करताना त्याने काही बिघडत नाही.

आता तुमचाच हिशोब करू. 5 ग्रॅमचे 19 टक्के म्हणजे दर आठवड्याला 0.95 ग्रॅम नत्र आणि तितकाच पालाश. चार वेळांत पावणेचार ग्रॅमहून जास्त नत्र एका कुंडीत गेलं. पालकाला पानंच काढायची असतात, त्यामुळे तो खूश. टोमॅटोला मात्र नत्र मिळत राहिलं की तो पानंच काढत बसतो, फुलाकडे वळायला तयार होत नाही. पानं गडद होऊन खाली वळणं हे त्याचंच लक्षण.

दोन आठवडे खत बंद ठेवा, नुसतं पाणी द्या. कळ्या दिसल्या की 13-0-45 लिटरला 2 ग्रॅम घ्या. म्हणजे पालाश 0.90 ग्रॅम, जवळपास पूर्वीइतकाच, पण नत्र फक्त 0.26 ग्रॅम, पूर्वीच्या जेमतेम पाव. तुम्हाला हवाय तो हाच फरक. समतोल हा आकड्यांमध्ये नाही, रोपाला त्या टप्प्यावर काय हवं त्यात असतो.

हिरवाचुडा, मधल्या आकड्याबद्दल तुम्ही अर्धं बरोबर आहात. कोवळ्या रोपाची मुळं धरायला स्फुरद लागतं. पण ते मातीत फारसं सरकत नाही, पाण्याबरोबर सहसा वाहूनही जात नाही. रानवारांच्या कुंडीत नत्राएवढंच स्फुरद आधीच गेलंय. त्यावर 61 टक्क्यांचं ओतलं तर मुळा जाड होणार नाही, उलट जस्त आणि लोह घ्यायला झाडाला अडचण येईल. मुळा भरतो तो पानांत तयार झालेली साखर खाली उतरून, आणि त्या कामात पालाश महत्त्वाचा.

गुलाबाचं वेगळं आहे. कोवळ्या पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर बहुधा लोह कमी पडतंय. 19-19-19 ने ते भरून निघणार नाही.

रानवारा
म्हणजे मुळ्यालाही 13-0-45?

मातीशी_नातं
या खेपेच्या मुळ्याला आता काही देऊ नका. त्याचं आयुष्यच महिना-दीड महिन्याचं, उशिरा दुरुस्ती पोचत नाही. पुन्हा पेरताना मातीत कुजलेलं कंपोस्ट मिसळा, ताजं शेणखत नको, मुळं फाटे फोडतात. तिसरं-चौथं पान आलं की 13-0-45 लिटरला 2 ग्रॅम, एकदा किंवा दोनदा, बस.

हिरवाचुडा
पण मी मुळ्याला 12-61-0 देतो आणि माझे मुळे चांगले येतात.

मातीशी_नातं
तुमच्या मातीत स्फुरद कमी असेल तर येतीलही. माती तपासल्याशिवाय मी खोटं म्हणणार नाही.

ओलीमाती
कोणी विचारलंच नाही, एका कुंडीत किती मुळे आहेत? दाटी असेल किंवा ऊन कमी असेल तर कुठलंही खत दिलं तरी शेपटीच येते.

रानवारा
एका कुंडीत चौदा आहेत. विरळणी केली नव्हती. ऊन सकाळचे तीन तास.

ओलीमाती
मग खत किती दोषी आणि दाटी-सावली किती, हे या खेपेवरून कळायचं नाही. पुढच्या वेळी एका कुंडीत पाच-सहाच ठेवा, दोन रोपांत चार बोटं अंतर. एका कुंडीला खत द्या, दुसरीला देऊ नका. उपटल्यावर दोन्हींचे फोटो इथे टाका.