ऑटोपे आणि फीवाढ

> सभासदाने एकदा यूपीआय ऑटोपे मंजूर केलं की दर महिन्याला पैसे आपोआप येतील, मग वेबसाइटवर आणखी काय करायचं?

येतील, पण मँडेट म्हणजे खात्यातून पैसे कापायची आगाऊ परवानगी कशी घेतलीय त्यावर ते अवलंबून आहे. आमच्या जिमसाठी साइट करताना मी मासिक १२०० रुपयांचं ठरावीक रकमेचं मँडेट घेतलं. वर्षभराने फी १४०० झाली आणि जुन्या मँडेटमधून वरचे २०० कापता येईनात. प्रत्येक सभासदाला पुन्हा पिन टाकून मंजुरी द्यायला लावली. काउंटरवरचा पोरगा महिनाभर तेवढंच करत होता! आता मँडेट 'कमाल २०००' असं घेतो आणि कापतो त्या महिन्याची खरी रक्कम. मंजुरीच्या स्क्रीनवर २००० दिसले की लोक दचकतात, म्हणून बटणाच्या वरच 'सध्या कापले जाणार १४००' असं ठळक लिहायचं.

दुसरं म्हणजे पैसे कापण्याआधी किमान २४ तास सभासदाला सूचना जावी लागते. त्यामुळे गणपतीला गावी जाणाऱ्याने हप्त्याच्या आदल्या रात्री सभासदत्व तात्पुरतं थांबवायचं 'फ्रीज' बटण दाबलं तर उशीर झालेला असतो. फ्रीजची मुदत हप्त्याच्या तीन दिवस आधी संपवा. खात्यात पैसे नसल्याने हप्ता फसला तर सभासदत्व लगेच बंद करू नका. 'बाकी' अशी वेगळी स्थिती ठेवा, तीन-चार दिवस क्लासचं बुकिंग चालू राहू द्या. नाहीतर सकाळी सहाच्या झुंबा बॅचला दारात भांडण ठरलेलं. आणि वार्षिक प्लॅन १५ हजारांच्या वर असेल तर त्याला ऑटोपे लावण्यात अर्थ नाही, दर वेळी मंजुरी लागतेच.