'डायथेसिस'ला मराठीत काय म्हणावं?

रानपाखरू: मानसशास्त्राच्या एका प्रकरणाचा अनुवाद करते आहे. माणसात आधीपासून असलेली आजाराची शक्यता आणि वरून आलेला ताण मिळून आजार होतो, या 'डायथेसिस-स्ट्रेस' कल्पनेसाठी जुन्या मसुद्यात 'दुर्बलता-ताण' आहे. उदाहरण असं: कॉलेजात दुसऱ्या वर्षाला शिकणारा मुलगा, आईला दोनदा नैराश्याचा आजार होऊन गेलेला. वडील अचानक जातात. तीन महिन्यांनी तो वर्गात जाणं सोडतो, परीक्षेलाही बसत नाही. थोरली बहीणही खचते, पण काम चालू ठेवते. अशा मुलाला 'दुर्बल' म्हणायला मन धजत नाही.

शब्दवेल्हाळ: सरळ 'आनुवंशिकता' लिहा. आजार आईकडून आलेलाच होता, वडिलांचं जाणं निमित्त झालं.

ऊनसावली: आनुवंशिकता त्यात आहे, पण तेवढीच नाही. एका जुळ्याला स्किझोफ्रेनिया असला, तरी अगदी एकसारख्या जनुकांच्या दुसऱ्यालाही तो होतोच असं नाही. निम्म्याहून अधिक वेळा होत नाही. मानसशास्त्रज्ञ पॉल मील यांनी 1962 मध्ये हेच मांडलं की वारशाने येते ती आजाराची शक्यता, आजार नव्हे. शिवाय लहानपणीचे आघात, विचारांची वळणं हेही डायथेसिसमध्ये येतं. हा मुलगा एक पेपर बिघडला की 'मी कशाच्याच लायकीचा नाही' असं म्हणत असेल, तर तेही त्यातच धरायचं. एरवी ते कुणाच्या लक्षातही येत नाही, मोठा ताण आला की दिसतं. म्हणून मी 'प्रवणता' वापरेन.

पाऊलवाट: माझं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा मी महिनाभर जेवले-झोपले नव्हते. म्हणजे मीही प्रवण?

ऊनसावली: ताई, एवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही. दुःख लाटांसारखं येतं, आठवणीला बिलगून असतं, मधेच हसूही येतं. नैराश्याच्या आजारात उदासी किंवा कशातच रस नसणं दिवसातला बहुतेक वेळ, जवळजवळ रोज, किमान दोन आठवडे टिकतं, आणि 'मीच निकामी' ही भावना बरेचदा सोबत असते. मुलाला वडिलांची आठवण येत होती म्हणून नव्हे, तर स्वतःबद्दल तो असं बोलू लागला असेल आणि रोजचे व्यवहार थांबले असतील, तर तो आजार ठरतो.

रानपाखरू: 'प्रवणता' पटतंय. पण पुढे लिहिलंय की हाच मुलगा पुन्हा आजारी पडला तो साध्या भांडणानंतर. प्रवणता जन्मापासून तीच असेल, तर हे कसं?

ऊनसावली: ती तीच राहत नाही. मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट पोस्ट यांनी 1992 मध्ये मांडलं की आजाराच्या प्रत्येक खेपेनंतर पुढची खेप यायला कमी ताण पुरतो. यावर वाद आहे. छोटा ताणही आता पुरेसा होतो, की आजार ताणाविनाच उलटू लागतो आणि भांडण फक्त त्या सुमारास घडलेलं असतं? एका मुलाकडे पाहून हे सांगता येत नाही.

शब्दवेल्हाळ: मग 'प्रवणता'ही कायमची वाटते. 'आजाराकडचा कल' कसं वाटतं? कल बदलतो.

रानपाखरू: 'कल' म्हटलं की आवड वाटते. सध्या 'प्रवणता' ठेवते, आणि ती वाढते-घटते असं वाक्य लगेच पुढे जोडते. आणखी कुणाला सुचलं तर सांगा.